वरचा स्ट्रट सैल, म्हणजे धोका खाली: खाजनाच्या चिकणमातीतील सहा मीटर खोल चराचे प्रकरण

सकाळी चरावर पोचल्यावर पहिली दिसलेली गोष्ट अशी: चराच्या दोन भिंती आतून रेटून धरणाऱ्या आडव्या स्ट्रटपैकी वरच्या रांगेतल्या एकाची पाचर हाताने हलत होती. आदल्या दिवशी तीच पाचर घणाने ठोकून बसवलेली होती. मुकादमाचा निष्कर्ष साधा होता, "वर जोर नाही, माती बसली." ती पुन्हा ठोकायची आणि काम पुढे न्यायचे, एवढाच त्याचा बेत.

मऊ चिकणमातीत ही खूण नेमकी उलटी वाचायची असते. वरचा स्ट्रट सैल होतो, कारण शीट पाइलची, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या पोलादी पत्र्यांची, भिंत मधल्या स्ट्रटभोवती फिरू लागलेली असते. तिचे खालचे टोक चरात येते आणि वरचे टोक मातीकडे ढकलले जाते. वर कमी झालेला भार नाहीसा होत नाही, तो मधल्या रांगेवर जातो. या चरातही तसेच झाले होते. दुसऱ्या रांगेतला स्ट्रट मध्यावर एका बाजूला 12 मिलीमीटर वाकलेला होता. दोन टोकांमध्ये सुतळी ताणल्यावर ते कळले, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते.

हे प्रकरण गोव्यातल्या मांडवीकाठच्या सखल खाजन पट्ट्यातल्या सांडपाण्याच्या मुख्य वाहिनीच्या चराचे आहे. नमुना म्हणून ते मांडले आहे. जागा आणि ठेकेदार यांची नावे दिलेली नाहीत आणि हिशेब सोपा राहावा म्हणून मापे गोल केली आहेत.

जमीन आणि चर

वरचा सुमारे एक मीटर चिऱ्याच्या तुकड्यांचा आणि लाल मातीचा भराव. त्याखाली बारा मीटरपर्यंत करडी, ओली, शिंपल्यांचे तुकडे असलेली खाऱ्या पाण्यातली चिकणमाती. मग मुरमासारखा झिजलेला जांभा. चर 6 मीटर खोल आणि अडीच मीटर रुंद. दोन्ही बाजूंना शीट पाइल आणि त्यांच्या आतून आडवे वेलर, म्हणजे भिंतीला लागून धावणाऱ्या तुळया, आयएसएमबी 250 या आय आकाराच्या पोलादी छेदाच्या. स्ट्रटच्या तीन रांगा जमिनीपासून 1.0, 2.8 आणि 4.6 मीटर खोलीवर. लांबीच्या दिशेने दोन स्ट्रटमधले अंतर 3 मीटर, कारण आरसीसी पाइप अडीच मीटर लांबीचा येतो आणि तो मधून खाली सोडायचा असतो. सगळे स्ट्रट आयएसएमबी 200 चे. वेलर वजा जाता त्यांची मोकळी लांबी सुमारे 2.2 मीटर.

मातीचे एकक वजन 16 किलोन्यूटन प्रति घनमीटर. जागेवरच्या व्हेन शिअर चाचणीत, म्हणजे मातीत पाती रुतवून फिरवण्याच्या चाचणीत, अनिचरित कातर ताकद, म्हणजे पाणी निचरायला वेळ न मिळालेल्या मातीची ताकद, सरासरी 27 किलोपास्कल आली. नकाशावरचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा होता.

चारच्या अलीकडे की पलीकडे

आधार दिलेल्या चरात स्ट्रटवर येणारा भार नेहमीच्या सक्रिय मातीदाबाच्या त्रिकोणातून काढत नाहीत. भिंत एका झटक्यात सरकत नाही, खोदाई टप्प्याटप्प्याने होते, आणि प्रत्येक स्ट्रट बसेपर्यंत त्या पातळीवरची माती आधीच थोडी आत आलेली असते. त्यामुळे वरच्या रांगांना त्रिकोणी दाबापेक्षा जास्त भार मिळतो. शिकागोच्या भुयारी रेल्वेच्या खोदाईत स्ट्रटवरचे भार प्रत्यक्ष मोजले गेले. टर्झागी आणि पेक यांनी अशा मोजमापांवरून आभासी दाबाच्या आकृत्या तयार केल्या, आणि पेक यांनी 1969 मध्ये त्या एकत्र मांडल्या. ही आकृती म्हणजे खरा मातीदाब नव्हे. एकाच चरात शेजारशेजारच्या दोन स्ट्रटवरचे भार पुष्कळ वेगळे येतात, आणि त्यातला मोठ्यात मोठा झाकला जावा म्हणून बाहेरून ओढलेली ती वेढणारी रेषा आहे. तिच्यातून मिळणारा भार स्ट्रटसाठी वापरायचा. भिंतीची हालचाल किंवा रस्ता किती खचेल हे तिच्यातून निघत नाही.

कोणती आकृती घ्यायची हे एका गुणोत्तरावर ठरते. त्यात γ म्हणजे मातीचे एकक वजन, H म्हणजे चराची खोली आणि cu म्हणजे अनिचरित कातर ताकद:

`N = γH / cu`

N चारपर्यंत असेल तर माती टणक धरतात. दाब 0.2 ते 0.4 `γH`, आणि आकृती तळाकडे निमुळती होत शून्यावर येते. N चारच्या वर गेला की माती मऊ. मग दाब `γH − 4cu` किंवा `0.3γH`, यांतला जो मोठा तो. वरच्या पाव खोलीत तो शून्यापासून वाढतो, आणि तिथून तळापर्यंत कमी होत नाही. मऊ मातीचा थर तळाखाली खूप खोलवर जात असेल आणि N सहाच्या पलीकडे असेल, तर `4cu` ला 0.4 ने गुणतात आणि दाब एकदम उसळतो. या चरात ती वेळ आली नव्हती.

नकाशात N = 96 / 27, म्हणजे 3.6 धरला होता. माती टणक ठरली. दाबाचा गुणक 0.2 घेतला, कडेचा भार धरलाच नाही. त्यावरून दुसऱ्या रांगेच्या स्ट्रटवर 104 किलोन्यूटन आणि तिसऱ्यावर फक्त 80. आयएसएमबी 200 चा 2.2 मीटर लांबीचा स्ट्रट कमकुवत अक्षाभोवती कृशतेचे गुणोत्तर 102 धरूनही 248 किलोन्यूटन कामकाजी भार घेतो. म्हणजे कागदावर जवळजवळ अडीचपट हात मोकळा. असा नकाशा कोणीही पुढे सरकवेल.

चूक व्हेनच्या आकड्यात होती. व्हेन काही मिनिटांत मातीला कापते, चराची बाजू मात्र आठवडे उभी राहते. शिवाय अतिप्लास्टिक मातीत व्हेनचा आकडा मुळातच जास्त येतो. म्हणून प्लास्टिसिटी निर्देशांकानुसार त्याला दुरुस्ती गुणक लावतात. या मातीचा निर्देशांक 50 च्या आसपास होता, त्याला गुणक सुमारे 0.8. 27 चे झाले 22. मग N = 96 / 22, म्हणजे 4.4. कडेचा 10 किलोपास्कल भार धरला तर 4.8. आकृतीच बदलली.

मऊ मातीच्या आकृतीने `γH − 4cu` फक्त 8 येतो, म्हणून 0.3γH, म्हणजे 28.8 किलोपास्कल घ्यायचा. त्यात कडेचे 10. दुसऱ्या रांगेच्या वाट्याला 1.9 ते 3.7 मीटरचा पट्टा येतो: 38.8 × 1.8 × 3, म्हणजे 210 किलोन्यूटन. नकाशातल्या दुप्पट, तरी अजून 248 च्या आत.

तळाचा आधार कुठे गेला

खरी अडचण तिसऱ्या रांगेत होती. नेहमीच्या वाटणीत तळाच्या अर्ध्या गाळ्याचा भार तळातल्या मातीला देऊन टाकतात. शीट पाइल तळाखाली दोन मीटर रुतलेली आहे, तेव्हा खालची माती तिला धरून ठेवील, हे गृहीत. पण N चारच्या पलीकडे गेल्यावर नेमके हेच गृहीत टिकत नाही.

कारण साधे आहे. तळाखाली भिंतीच्या मागच्या बाजूने माती `γH + q − 2cu` इतक्या दाबाने ढकलते, इथे q म्हणजे कडेचा भार, आणि चराच्या बाजूने जास्तीत जास्त `2cu` ने परतवते. दोन्हींतला फरक `4cu − (γH + q)`, म्हणजे 88 − 106, उणे 18 किलोपास्कल. तळाखालची माती भिंतीला धरत नाही, उलट चरात ढकलते. भिंतीचे रुतलेले टोक स्वतःच्या ताठपणामुळे थोडे टिकते, पण त्याला आधार म्हणून हिशेबात घेणे म्हणजे उधारीवर घर बांधणे. N चे चार हे नुसते आकृती बदलायचे ठिकाण नाही, तिथून तळाचा आधार संपायला लागतो.

मग तळापर्यंतचा सगळा पट्टा तिसऱ्या रांगेवर. शिवाय त्या पट्ट्याचा खालचा 1.4 मीटर भाग स्ट्रटच्या खाली लोंबकळतो. दुसऱ्या स्ट्रटच्या पातळीवर बिजागरी धरून संतुलन मांडले, तर तिसऱ्या स्ट्रटवर मीटरमागे 110, म्हणजे तीन मीटरच्या गाळ्यावर 331 किलोन्यूटन येतात. नकाशावर 80, हिशेबात 331. आयएसएमबी 200 इथे बसवून चालणारच नव्हता.

तळ वर उचलला जाण्याचा धोकाही याच कारणाने जवळ येतो. लांब, अरुंद चरात खोली रुंदीच्या 2.4 पट असताना धारणक्षमतेचा गुणक 7.1 च्या आसपास येतो. सुरक्षा गुणांक 7.1 × 22 / 106, म्हणजे 1.47. नेहमीच्या अपेक्षेपेक्षा, दीडपेक्षा, किंचित कमी. पण कडेला दीड मीटर उंच मातीचा ढीग टाकला की कडेचा भार 10 ऐवजी 24 होतो आणि तोच गुणांक 1.30 वर घसरतो. त्या सकाळी ढीग कडेलाच होता. ट्रक वेळेवर आले नाहीत की पोकलेनवाला बकेट बाजूलाच रिकामी करतो, आणि त्याला दोष देऊन काही होत नाही. ढीग कुठे टाकायचा हे नकाशात लिहिलेलेच नव्हते.

आदल्या दिवशी काय झाले

ठरलेला क्रम असा होता: 5.1 मीटरपर्यंत खोदायचे, तिसरा स्ट्रट बसवायचा, मग उरलेले 0.9 मीटर. प्रत्यक्षात स्ट्रट बसवल्यावर त्याच्याखाली बकेट नीट फिरत नाही म्हणून सहा मीटर लांबीचा भाग एकाच दमात तळापर्यंत खणला, आणि तिसरी रांग उद्यावर टाकली. अशा चरांत हीच सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि तिच्यामागे आळस नसून बकेटची अडचण असते.

त्या रात्री दुसऱ्या रांगेवर काय आले? तळाने थोडा आधार दिला असे धरले, तर तिच्या वाट्याला 1.9 ते 4.4 मीटर, म्हणजे 291 किलोन्यूटन. तळाने काहीच दिला नाही असे धरले, तर 1.9 ते 6.0, म्हणजे 477. स्ट्रटची कामकाजी मर्यादा 248, आणि मोडायच्या आधीची संकल्पित ताकद सुमारे 370. खरा भार 291 आणि 477 यांच्यामध्ये कुठेतरी होता. तो वरच्या बाजूकडे झुकला असावा, हे पाचरीने सांगितले. दुसऱ्या स्ट्रटभोवतीचे परिबल पाहा: वरच्या भागाचे मीटरमागे 102 किलोन्यूटन-मीटर, खालच्या भागाचे 199. तळ आधार देत नसेल तर भिंत खालून आत येणार, वरून मागे जाणार, आणि वरचा स्ट्रट रिकामा पडणार. पाचर हाताने हलते ती म्हणून.

आणखी एक गोष्ट जवळून पाहिल्यावर सापडली. वाकलेल्या स्ट्रटचे एक टोक वेलरच्या मध्यावर नव्हते, बाजूला सुमारे 40 मिलीमीटर सरकून बसले होते. आयएसएमबी 200 ची कमकुवत दिशा फारच कमकुवत आहे, त्या दिशेचा छेद गुणांक फक्त 30 घनसेंटीमीटर. 210 किलोन्यूटन भार 40 मिलीमीटर बाजूला गेला की 8.4 किलोन्यूटन-मीटर परिबल, आणि त्यातून एकट्या वाकण्याचा ताण 280 मेगापास्कल. या पोलादाची नमन मर्यादाच 250 आहे. दहा मिलीमीटर सरकले तरी 70 मेगापास्कल. सुतळीला दिसलेला वाक तिथून सुरू झाला होता.

साईटवर कुणीतरी मे महिन्याच्या उन्हाकडे बोट दाखवले. 2.2 मीटरचा स्ट्रट पंधरा अंशांनी तापला तर अर्धा मिलीमीटरही वाढत नाही, आणि मऊ माती तेवढी सहज मागे सरते. रुंद खोदाईत तापमानाचा भार मोजावा लागतो, इथे नाही.

त्या सकाळी काय केले, आणि का

चरात कोणालाही उतरू दिले नाही. वरची सैल पाचर ठोकली नाही, कारण त्यासाठी माणूस वाकलेल्या स्ट्रटच्या पातळीजवळ जातो आणि मिळत काहीच नाही. वाकलेला स्ट्रट सरळ करायचा किंवा त्याला जॅक लावायचा विचारही बाजूला ठेवला. वाकलेल्या स्तंभात जास्त जोर भरणे म्हणजे त्याला आणखी वाकवणे.

आधी कडेचा ढीग उचलला, पोकलेन चराच्या खोलीइतक्या अंतरावरून चालवून. मग तीच माती चरात परत टाकली, तळापासून 5 मीटरच्या पातळीपर्यंत. खणलेली माती परत टाकणे मुकादमाला नेहमीच अपमान वाटतो. पण खोली सहावरून पाचवर आली की `γH` 96 वरून 80 वर येतो, कडेचा भार धरूनही N सुमारे 4.1 होतो आणि तळाची उणे बाजू जवळजवळ मिटते. दुसरा कोणताही उपाय इतक्या लवकर भार कमी करत नाही. दोन तासांत वरची पाचर पुन्हा घट्ट झाली, भिंत परत बसल्याची तीच खूण. त्यानंतरच तिसरी रांग, मग शेजारी नवा स्ट्रट लावून दुसऱ्या रांगेतला वाकलेला काढला.

चरापासून दीड-दोन मीटरवर, चराला समांतर, रस्त्यावर केसाएवढी भेग उघडली होती. ती सिमेंटच्या पाण्याने बुजवली, पावसाचे पाणी आत उतरू नये म्हणून. तिच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून रोज अंतर मोजायला सांगितले. चराच्या दोन्ही वेलरमधले अंतरही दर गाळ्यात स्टीलच्या टेपने दिवसातून दोनदा. हे मोजणे स्ट्रटकडे पाहण्यापेक्षा उपयोगी, कारण 210 किलोन्यूटन भारात अख्खा स्ट्रट फक्त 0.7 मिलीमीटर आखडतो, तो डोळ्याला कधीच दिसणार नाही. बजेट असेल तर प्रत्येक रांगेत एका स्ट्रटला समोरासमोर दोन व्हायब्रेटिंग वायर स्ट्रेन गेज लावावेत. एकच लावला तर तो वाकण्याचा आणि भाराचा ताण एकत्र सांगतो आणि गोंधळ वाढवतो.

पुढच्या लांबीसाठी बदल

दुसरी आणि तिसरी रांग आयएसएमबी 200 ऐवजी दोन आयएसएमसी 150 चॅनेल समोरासमोर, फ्लँजच्या कडा जुळवून वेल्ड केलेल्या पेटीची केली. मीटरमागे वजन 25 वरून सुमारे 33 किलो झाले. पण कमकुवत दिशाच उरत नाही, कृशतेचे गुणोत्तर 102 वरून 38 वर येते, आणि कामकाजी क्षमता 248 वरून 550 किलोन्यूटनच्या आसपास जाते. आठ किलो लोखंडात यापेक्षा चांगला सौदा क्वचितच मिळतो. तरी ही क्षमता तिसरी रांग न लावता तळापर्यंत खणायची परवानगी नव्हे. पाचरीची साक्ष खरी धरली तर तेव्हा वरच्या रांगेचा वाटाही मधल्या रांगेवर आलेला असतो. ही ताकद ठरलेल्या 5.1 मीटरच्या टप्प्यासाठी लागते, जिथे तळ आधार देईनासा झाला तर दुसऱ्या स्ट्रटवर 331 किलोन्यूटन येतात. जुना स्ट्रट त्या ठरलेल्या टप्प्यातही कमी पडला असता.

वेलरच्या प्रत्येक स्ट्रटजागी पोलादी पट्ट्या उभ्या वेल्ड केल्या. आयएसएमबी 250 चा मधला पत्रा 6.9 मिलीमीटर जाडीचा, आणि स्ट्रटचे टोक त्यावर थोड्या जागेत 300 किलोन्यूटन टेकवते. पत्रा चिरडला की स्ट्रट शाबूत असूनही आधार जातो. सिंगापूरमधल्या निकोल हायवेजवळची भुयारी रेल्वेची खोदाई 20 एप्रिल 2004 रोजी कोसळली आणि चार माणसे गेली. तिथेही माती सागरी चिकणमातीच होती, कातर ताकद जास्त धरली गेली होती, आणि पहिले ढासळले ते स्ट्रट आणि वेलर यांचे सांधे. दोन्ही चुका या छोट्या चरातही होत्या, फक्त आकार लहान.

स्ट्रटच्या टोकाला दोन छोटे कोन वेल्ड करून बसण्याची जागा बांधून घेतली, म्हणजे तो बाजूला सरकत नाही. बसवताना जॅकने ठरलेल्या भाराच्या निम्म्यापर्यंत जोर भरायचा, मग पाचर ठोकायची आणि वेल्डचा ठिपका द्यायचा. नुसत्या पाचरीवर सोडलेला स्ट्रट माती थोडी आत येईपर्यंत काही घेतच नाही, आणि ती थोडीशी हालचालच रस्त्याला भेग पाडते.

शेवटचे 0.9 मीटर तीन-तीन मीटरच्या गाळ्यांत खणायचे, आणि प्रत्येक गाळ्यात त्याच दिवशी 150 मिलीमीटर पीसीसी ओतायचे. हे पाइपखालचे नुसते समतल करायचे काँक्रीट नाही. दोन्ही भिंतींमध्ये घट्ट ओतले तर कडक झाल्यावर ते चराचा सगळ्यात खालचा स्ट्रट बनते, आणि गेलेला तळाचा आधार दुसऱ्या रूपाने परत मिळतो. म्हणून ते कडेपर्यंत भरायचे. पाइपाच्या रुंदीपुरते ओतून कडेला अर्धा फूट मोकळा सोडला, तर त्याचा या कामी काहीच उपयोग नाही.

काढताना क्रम उलटा. पाइपभोवतीचा भराव 4.9 मीटरपर्यंत दाबून आल्याशिवाय तिसरी रांग सोडायची नाही, आणि तीही एका वेळी एकच स्ट्रट. सोडताना पाचर सहज निघाली तर ठीक. घणाचे चार घाव घालूनही हलत नसेल तर तिच्यावर अजून भार आहे. मग घण खाली ठेवून आधी भराव तपासायचा.